ट्रक कारपेक्षा वेगात दिसले तर: रस्त्याकडेच्या व्हिडिओतून वेग मोजायला शिकताना

वाहतूक सर्वेक्षणाच्या कामात नवीन आलेल्या कोणी वेगाचा तक्ता समोर ठेवला, की मी आधी एकच ओळ शोधते: ट्रकचा सरासरी वेग. तो कारच्या वेगाहून जास्त असेल, तर बाकीचा तक्ता वाचायची घाई करत नाही. मोकळ्या चौपदरी रस्त्यावर भरलेले ट्रक कारना मागे टाकत नसतात. अशा तक्त्यातली चूक बहुतेक वेळा एकाच जागी असते, आणि ती जागा कळली की या कामाचा गाभा हाती येतो.

वाहन ओळखणं आणि त्याचा माग ठेवणं हा भाग आता तुलनेने सोपा झाला आहे. योलोसारखं मॉडेल प्रत्येक फ्रेममध्ये वाहनाभोवती चौकट आखतं, बाइटट्रॅकसारखा ट्रॅकर त्या चौकटींना फ्रेममागून फ्रेम एकच क्रमांक देत जातो. पण हे सगळं पिक्सेलमध्ये असतं. वेग हवा तर पिक्सेलचे मीटर करावे लागतात, आणि त्यासाठी होमोग्राफी वापरतात. रस्त्यावरचे चार ओळखता येणारे बिंदू घ्यायचे, उदाहरणार्थ तुटक पट्ट्यांची टोकं. त्यांच्यातली अंतरं प्रत्यक्ष टेपने मोजायची. मग ओपनसीव्हीचं `cv2.getPerspectiveTransform` आपल्याला चित्रातून रस्त्यावर नेणारं मॅट्रिक्स देतं. पट्टीची लांबी पुस्तकातून घेऊ नका. पुन्हा रंगवताना पट्टी लांबते, झिजून आखूड होते. परवानगी घेऊन, रहदारी कमी असताना, जॅकेट घालून माणसांसह टेप लावा. चारही बिंदू एकमेकांपासून लांब घ्या आणि मॅट्रिक्स बनवताना न वापरलेलं एखादं पाचवं अंतर तपासणीसाठी राखून ठेवा.

आता ती चूक. हे मॅट्रिक्स फक्त रस्त्याच्या पृष्ठभागावरच्या बिंदूंसाठी खरं असतं. नवीन माणूस साहजिकच चौकटीचा मध्यबिंदू घेतो, आणि मध्यबिंदू तर हवेत असतो. कॅमेऱ्याकडून त्या बिंदूतून जाणारी रेषा पुढे जाऊन रस्त्याला जिथे टेकते, तिथे वाहन आहे असं गणित धरून चालतं. कॅमेऱ्याची उंची H आणि बिंदूची उंची h असेल, तर प्रत्येक अंतर H/(H−h) पट होतं. अंतर जितक्या पट फुगतं, वेगही तितक्याच पट फुगतो.

आकडे घालून बघू. कॅमेरा ६ मीटरवर आहे. कारच्या चौकटीचा मध्य साधारण ०.७५ मीटरवर येतो, म्हणजे ६ भागिले ५.२५, सुमारे १.१४ पट. ताशी ६० किलोमीटरने जाणारी कार जवळजवळ ६९ ने जाताना दिसेल. ट्रकचा मध्य १.५ मीटरवर धरला तर ६ भागिले ४.५, म्हणजे १.३३ पट. त्याच ६० चे ८० होतात. वाहन जितकं उंच, तितकं ते खोटं वेगवान. म्हणूनच ट्रकची ओळ आधी बघायची.

यावर उपाय म्हणजे चौकटीच्या खालच्या कडेचा मध्य घेणं, कारण तिथे चाकं रस्त्याला टेकलेली असतात:

```python
foot = np.array([[[(x1 + x2) / 2, y2]]], dtype=np.float32)
X, Y = cv2.perspectiveTransform(foot, M)[0, 0]
# एका वाहनाचे सगळे t आणि Y जमल्यावर
kmh = abs(np.polyfit(t, Y, 1)[0]) * 3.6
```

इथे Y अक्ष रस्त्याच्या दिशेने ठेवला आहे. शेवटच्या ओळीत दोन लगतच्या फ्रेममधला फरक घेतलेला नाही, तर पूर्ण मागावरून एक सरळ रेषा बसवली आहे, कारण चौकट दर फ्रेमला थोडी थरथरते. ही खालची कडही दोनदा दगा देते. वाहन फ्रेमच्या तळाशी कापलं जात असताना कड तिथेच अडकून राहते आणि वेग शून्याकडे जातो. पुढून दुचाकी आडवी गेली, की ट्रकची कड क्षणभर वर उडी मारते. पहिल्यासाठी फ्रेमच्या काठालगतची पट्टी मोजणीतून वगळा. दुसऱ्यासाठी Y चा आलेख काढून बघा, उडी डोळ्यांना लगेच दिसते.

थरथर किती महाग पडेल हे अंतरावर ठरतं. ६ मीटर उंचीवरच्या नेहमीच्या १०८० रेषांच्या कॅमेऱ्यात २० मीटर अंतरावर एक पिक्सेल म्हणजे रस्त्यावरचे अंदाजे ५ सेंटिमीटर. ६० मीटरवर तोच पिक्सेल ४० सेंटिमीटरच्या पुढे जातो, कारण अंतर तिप्पट झालं की हा आकडा नऊपट होतो. दूरवरची वाहनं छान ओळखली जातात म्हणून ती वेगासाठी वापरायचा मोह होतो, तो आवरा. अशा मांडणीत मी १५ ते ४० मीटरचाच पट्टा घेते. फार आखूड पट्टाही चालत नाही. ताशी ७२ किलोमीटरने जाणारं वाहन २० मीटर एका सेकंदात, म्हणजे २५ फ्रेममध्ये कापतं. दोन रेषांमधला वेळ मोजताना एक फ्रेम चुकली तर उत्तर ७५ येतं. पट्टा ५ मीटरचाच असता, तर एका फ्रेमने ते ८५ च्या पुढे गेलं असतं.

वेळेचाही हिशेब तपासावा लागतो. फाइलवर २५ फ्रेम लिहिलेले असले, तरी अंधार पडल्यावर पुष्कळ कॅमेरे एक्स्पोजर वाढवतात आणि फ्रेम कमी देतात. नेटवर्कवरून रेकॉर्डिंग होत असेल, तर मधले फ्रेम गळतातही. फ्रेम क्रमांकाला २५ ने भागून काढलेला वेळ तेव्हा खोटा ठरतो, आणि रात्रीचे सगळे वेग सारखेच चढलेले दिसतात. प्रत्येक फ्रेमचा स्वतःचा वेळ काढून घ्या:

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=best_effort_timestamp_time -of csv=p=0 video.mp4
```

हा वेळही चित्रात उमटणाऱ्या घड्याळाशी ताडून बघा. लागोपाठच्या काही मिनिटांत दोन्हींत फरक वाढत गेला, तर ती फाइल मी वेगासाठी घेत नाही, मोजणीपुरतीच वापरते.

मोजणीत एक रेषा आखतात आणि ती ओलांडणारा प्रत्येक क्रमांक एकदाच धरतात. रेषा कुठे आखायची हा खरा प्रश्न. जिथे वाहनं चित्रात एकमेकांपासून सुटी दिसतात, तिथे म्हणजे कॅमेऱ्याच्या बऱ्यापैकी जवळ आखा. दूर आखली, तर बसमागच्या दुचाकी गायब होतात. शिवाय तयार मॉडेल सहसा ज्या चित्रसंग्रहावर शिकवलेली असतात, त्या कोको डेटासेटच्या ८० वर्गांत रिक्षाच नाही. तयार मॉडेल आपल्या रिक्षांना कधी कार म्हणतं, कधी ट्रक. आयआयआयटी हैदराबादच्या इंडियन ड्रायव्हिंग डेटासेटमध्ये रिक्षा आहे, पण ती चित्रं चालत्या गाडीतून घेतलेली आहेत. त्यामुळे आपल्याच कॅमेऱ्यातली काही चित्रं हाताने चिन्हांकित करून मॉडेलला पुन्हा शिकवणं टळत नाही. पंधरा मिनिटांचा तुकडा डोळ्यांनी मोजा आणि तुलना वर्गनिहाय करा. समजा २० दुचाकी सुटल्या आणि क्रमांक बदलल्याने २० ट्रक दोनदा धरले गेले, तर एकूण आकडा बरोबर येईल आणि दोन्ही चुका त्याच्या आड लपतील.

वेगाची शेवटची परीक्षा रस्त्यावरच होते. एक कार आणि शक्य झाल्यास एक टेम्पो घ्या. ठरावीक वेग धरून कॅमेऱ्यासमोरून काही फेऱ्या मारा आणि वेग जीपीएसवर नोंदवा. गाडीच्या काट्यावर विसंबू नका, तो सहसा खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो. फरक दोन्ही वाहनांत सारख्याच टक्क्यांनी येत असेल, तर मापाची अंतरं किंवा वेळ चुकला आहे. टेम्पोत तो वेगळा येत असेल, तर कुठेतरी बिंदू अजून रस्त्याच्या वर राहिला आहे. हा उरलेला फरक वाहनप्रकारानुसार अहवालात वेगाच्या शेजारच्या रकान्यात लिहा. कॅमेरा हलला, साफ करताना थोडा वळला, तर जुनं मॅट्रिक्स रद्द समजा आणि टेप पुन्हा बाहेर काढा.