दांडी टाक्याला बसण्याआधी

कुर्त्याच्या गळ्यावर ३६ सेंटिमीटरची वेल, दोन पदरी दोरा, दांडी टाका. एवढंच काम धरून तयारी सांगते, कारण पीळ चढून गुंता होण्याचे सगळे प्रकार याच टाक्यात भेटतात.

आधी दोरा मोजून कापा. जुनं 'एक हात' हे माप, म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर. मंडईत गजरा घेताना जे माप ऐकता, तेच. तुळशीबागेतून आणलेली लडी सहा पदरी आणि बहुधा आठ मीटरची असते, त्यामुळे 'परत परत ओवायला नको' म्हणून मीटरभर दोरा तोडायचा मोह होतो. तो आवरा. हिशोबच बघा ना. पाच मिलिमीटरच्या टाक्याला वेल अडीच मिलिमीटर पुढे सरकते, आणि वरचा पाच, मागचा अडीच धरून साडेसात मिलिमीटर दोरा लागतो. म्हणजे वेलीच्या तिप्पट. हातभर दोऱ्यातला सुरुवातीचा आणि शेवटचा मिळून १५ सेंटिमीटर सोडला, तर उरलेल्या ३० मध्ये ४० टाके आणि १० सेंटिमीटर वेल होते. अशा चार ओवण्यांत गळा पुरा. दोरा दुप्पट लांब घेतलात तर टाके शंभर होतात आणि सुईजवळच्या दोऱ्याला कापडातून जवळजवळ दोनशे वेळा जावं लागतं. तिथे तो केसाळ होतो, आणि लोंबणाऱ्या लांब भागात पीळ फिरायला, वळायला जागाही मिळते. रेयॉनचा किंवा जरीचा दोरा असेल तर ३० सेंटिमीटरच घ्या.

मग पदर सुटे करा. दोन पदर हवेत म्हणून दोन एकदम ओढू नका, तिथेच पहिला गुंता होतो. तुकड्याचं एक टोक चिमटीत धरा, एकच पदर निवडून सरळ वर ओढा. खालचे पदर गोळा होऊन बसतील. घाबरू नका, पदर निघाला की बोटांनी खाली सारल्यावर सरळ होतात. असा एकेक काढा आणि दोन-दोन पुन्हा शेजारी ठेवा. ४५ सेंटिमीटरच्या एका तुकड्यातून अशा तीन जोड्या निघतात, म्हणजे आपल्या वेलीला दोन तुकडे पुरे. सुटे करताना लडीतला जुना पीळही निघून जातो.

सुई ८ नंबरची, नेढं लांबट. नेढं बारीक असेल तर दोरा प्रत्येक टाक्याला घासतो. ओवल्यावर सुईची जागाही अधूनमधून थोडी सरकवा, एकाच ठिकाणी दोरा झिजतो. मेण मात्र मी लावत नाही; सुती दोऱ्याची चकाकी मरते.

आता पिळाचं खरं कारण. टाका घेताना चिमटीत सुई किंचित फिरते, दर वेळी त्याच बाजूला. एका टाक्यात काहीच दिसत नाही, दहा-पंधरा टाक्यांत दोरा स्वतःभोवती गुंडाळायला लागतो. परीक्षा सोपी आहे: दोरा सैल सोडा. मध्येच आपसूक कडी पडून दुमडला तर पीळ जास्त झालाय. उलट दोन पदर वेगळे दिसू लागले, टाका चपटा पडला, तर पीळ सुटलाय. दोन्हींवर उपाय एकच. रिंग उलटी धरून सुई खाली लोंबू द्या. ती गिरक्या घेत थांबेपर्यंत हात लावू नका. दर पाच-सहा टाक्यांनी हे करायचं, गुंता झाल्यावर नव्हे. खिडकीच्या वाऱ्यात सुई झुलत राहिली तर सुई कापडाजवळ सरकवा आणि दोरा कापडाकडून मोकळ्या टोकाकडे बोटांतून ओढा, पीळ टोकातून निघून जातो.

दांडी टाक्यात दोरा सुईच्या एकाच बाजूला ठेवायचा हे ठरवूनच बसा. अर्ध्या वेलीला खाली आणि अर्ध्याला वर ठेवलात तर दोरीसारखी दिसणारी रेघ मध्येच बदलते, आणि दोष पिळाला जातो.

एवढं करूनही गाठ पडलीच, तर ओढू नका. मी एकदा ओढली आणि पुढचे तीन टाके उसवावे लागले. बहुतेक वेळा ती खरी गाठ नसतेच, कडीतून कडी गेलेली असते. सुईचं टोक कडीत घालून हलकेच ताणा, सुटते. नाहीच सुटली तर कापडाच्या मागे दोरा चार-पाच टाक्यांखालून ओवून कापा आणि दुसरी जोडी घ्या. सहा जोड्या काढल्यात त्यातल्या दोन यासाठीच आहेत.