बिलिंग ॲप सुरू करताना पहिलं बिल काढण्याआधी काय भरायचं?

भांडुपला माझ्या मामांचं किराणा दुकान आहे. त्यांनी बिलबुक सोडून मोबाइलवर बिलिंग ॲप घेतलं तेव्हा दोन रविवार मी गल्ल्याशेजारी बसून होतो. पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या काकू बिल घेऊन परत आल्या. "अहो, पाकिटावर ११८ छापलेत आणि बिलात १३९ कसे?"

चूक एका बटणाची होती. नवीन वस्तू भरताना विक्रीच्या दरापुढे 'विथ टॅक्स' की 'विदाउट टॅक्स' असा पर्याय येतो. मामांनी कपड्याच्या पावडरचा दर ११८ टाकला, जीएसटी १८ टक्के निवडला आणि पर्याय 'विदाउट टॅक्स'वरच राहिला. ॲपने ११८ वर आणखी २१ रुपये २४ पैसे चढवले. एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, त्यापेक्षा जास्त घेणं बेकायदा आहे. 'विथ टॅक्स' केल्यावर त्याच ११८ ची फोड १०० रुपये माल, ९ सीजीएसटी आणि ९ एसजीएसटी अशी झाली. म्हणून पहिल्या पाच वस्तू भरल्या की प्रत्येकीचं एक नमुना बिल काढा आणि पाकिटावरच्या आकड्याशी ताडून बघा. ताडून झालं की ती बिलं रद्द करा.

कराचा दरही जुन्या यादीतून उचलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून अंगाचा साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल १८ वरून ५ टक्क्यांवर आलं, कपड्याची पावडर मात्र १८ वरच आहे. घाऊक व्यापाऱ्याच्या ताज्या बिलावर कराचा दर आणि मालाचा एचएसएन कोड दोन्ही असतात, तेच बघून भरा. तुम्ही जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. अशा वेळी सेटिंगमध्ये टॅक्स इनव्हॉइसऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' निवडा.

आता माल. सगळं दुकान एका दिवसात भरायचा हट्ट धरू नका. जास्त खपणाऱ्या पन्नास-साठ वस्तू निवडा आणि रात्री शटर खाली आल्यावर मोजा, कारण चालू दुकानात मोजलेला आकडा तासाभरात खोटा ठरतो. इथे घोळ होतो तो एककाचा. मामांनी बिस्किटांची पेटी १,०८० ला घेतली होती, आत २४ पुडे. भरताना त्यांनी 'नग १, खरेदी १,०८०' असं टाकलं आणि विक्री पुड्याला ५० लावली. दोन पुडे विकल्यावर शिल्लक दिसली उणे एक, आणि नफ्याच्या रिपोर्टमध्ये पुड्यामागे हजारावर तोटा. मुख्य एकक नग ठेवा, दुय्यम एकक पेटी, आणि 'एक पेटी म्हणजे २४ नग' असं जोडून द्या. मग खरेदी पेटीत टाकली तरी ॲप पुड्याचे ४५ धरतं. शिल्लक उणे दिसली तर आधी हे बघा, नाहीतर एखादी खरेदी भरायची राहिलेली असते.

सर्वात नाजूक भाग उधारीचा. वहीत एका वहिनींकडे १,८५० येणे होते. मामांनी सरळ १,८५० चं नवीन उधार बिल बनवलं. नाव बरोबर, रक्कम बरोबर, तरी चूकच. हा माल आधीच विकलेला होता. नव्या बिलाने तो आजच्या विक्रीत दुसऱ्यांदा मोजला गेला आणि त्यावर करही लागला. जुनी बाकी गिऱ्हाइकाच्या खात्यात 'ओपनिंग बॅलन्स' म्हणून, 'येणे' निवडून भरायची. त्याआधी माणसाला आकडा वाचून दाखवा: "वहिनी, वहीत १,८५० दिसतायत, बरोबर ना?" हो म्हणाल्या की वहीत त्या पानावर रेघ मारून तारखेसह 'ॲपमध्ये नेले' असं लिहा. नाहीतर एकच बाकी दोन ठिकाणी जिवंत राहते आणि वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक दुखावतं.

फोन लोकलच्या गर्दीत गेला तर हिशेबही जाऊ नये, म्हणून रोजचा आपोआप बॅकअप तेवढा चालू करून ठेवा.

पहिले आठ दिवस वही गल्ल्यावरच असू द्या आणि रात्री मेळ घाला. एका रात्री मामांची विक्री १४,२६० होती. रोख ८,११०, नवी उधारी ८५०, म्हणजे यूपीआयवर ५,३०० यायला हवे होते. आले होते ६,३००. वरचे हजार कुठून आले ते शोधताना त्याच वहिनींनी दुपारी पाठवलेले पैसे सापडले. ते 'पेमेंट इन'मध्ये टाकले, मेळ बसला आणि त्यांच्या खात्यावर बाकी उरली ८५०.