मुलांच्या संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवताना या चुका टाळा

चौदा वर्षांखालील खो-खो संघाचा ग्रुप प्रशिक्षक, व्यवस्थापक आणि पालक यांचा असावा, मुलांचा नव्हे. व्हॉट्सॲप वापरण्याचे किमान वय 13 वर्षे आहे आणि या गटातील अनेक मुले त्याहून लहान असतात. शिवाय प्रशिक्षकाने एखाद्या मुलाशी एकट्याने खासगी संदेशांतून बोलणे कोणाच्याच हिताचे नसते. हे एकदा ठरले, तरी ग्रुप नीट चालेलच असे नाही, कारण बहुतेक गोंधळ सभासदांच्या वाईट हेतूमुळे होत नाही. कोणता निरोप कुठे, केव्हा आणि कोणाला द्यायचा हे न ठरवल्यामुळे होतो.

‘उद्या सराव नाही’

रात्री पावणेबाराला असा निरोप टाकला जातो. निम्मे पालक तो रात्रीच वाचतात, बाकीचे सकाळी सहाला. सकाळी वाचणाऱ्याला आज सराव आहे आणि उद्या नाही असे वाटते, म्हणून तो मुलाला घेऊन मैदानावर येतो आणि कुलूप पाहून परत जातो. येथे दोन चुका एकत्र झाल्या आहेत: अवेळी पाठवणे आणि तारीख न लिहिणे. निरोपात वार, तारीख, वेळ आणि ठिकाण या चारही गोष्टी असाव्यात. ‘आज’, ‘उद्या’, ‘नेहमीच्या वेळी’ असे शब्द टाळावेत.

सकाळी 8 ते रात्री 9 या वेळेतच संदेश पाठवायचे, असा नियम पुरेसा आहे. रात्री काही सुचले तर मजकूर लिहून ठेवावा आणि सकाळी पाठवावा. पाऊस पडून मैदानात चिखल झाला आणि सहाचा सराव पाच वाजता रद्द करावा लागला, तर मात्र ग्रुपवर विसंबून चालत नाही. सुरू होण्याच्या तीन तास आधीपासून झालेला कोणताही बदल फोन करूनच कळवावा. व्यवस्थापकाने तीन पालकांना आणि त्या तिघांनी आपापल्या चार-पाच पालकांना फोन करायचा, अशी वाटणी हंगामाच्या सुरुवातीलाच केली, तर पंधरा घरांपर्यंत बातमी दहा-पंधरा मिनिटांत पोहोचते.

गैरहजेरी गर्दीत हरवते

सर्वांत जास्त नुकसान येथे होते. समजा, शनिवारी सकाळी साडेसातला सामना आहे. गुरुवारी व्यवस्थापक वेळापत्रक टाकतात, त्यावर वीस जण अंगठा दाखवतात, कोणी ‘ओके सर’ लिहितो, कोणी शुभेच्छांचे चित्र टाकतो आणि त्याच ओघात एक पालक ‘मुलाला ताप आहे, बघू’ असे लिहितात. तो संदेश वर सरकतो, प्रशिक्षकांच्या नजरेतून निसटतो आणि शनिवारी मैदानावर एक संरक्षक कमी असल्याचे लक्षात येते. खो-खोमध्ये हे साधे नाही. मैदानात 9 खेळाडू उतरतात आणि संरक्षणाला ते तीन-तीनच्या तुकड्यांनी येतात. पहिल्या तुकडीतील टिकून खेळणारा मुलगा नसेल, तर त्याची जागा भरण्यासाठी दुसऱ्या तुकडीतून कोणाला तरी पुढे आणावे लागते आणि आठवडाभर बसवलेली सगळी मांडणी गुणलेखकाकडे नावे देण्याच्या घाईत बदलावी लागते.

यावर उपाय असा. सामन्याच्या दोन दिवस आधी ग्रुपवर मतचाचणी टाकावी. त्यात ‘येणार’, ‘येणार नाही’ आणि ‘शुक्रवारी सायंकाळी 6 पर्यंत नक्की सांगतो’ असे तीनच पर्याय ठेवावेत आणि एकापेक्षा अधिक उत्तरे निवडण्याची मुभा बंद करावी. कोणी कोणता पर्याय निवडला हे नावांसह दिसते, त्यामुळे वेगळी यादी करावी लागत नाही. ही मतचाचणी वर पिन करून ठेवावी. ठरलेल्या वेळेनंतर तिसऱ्या पर्यायावर राहिलेल्यांना आणि ज्यांनी उत्तरच दिलेले नाही त्यांना व्यवस्थापकाने फोन करावा. मौनाचा अर्थ होकार असा कधीही धरू नये.

शुक्रवारी सायंकाळनंतर काही उद्भवले तर पालकांनी थेट फोन करावा. मत बदलून गप्प बसणे म्हणजे कळवणे नव्हे. कारणाचा तपशील ग्रुपवर मागू नये. ‘शनिवारी येऊ शकत नाही’ एवढे पुरे. मुलाचा आजार किंवा घरातील अडचण ही सर्वांनी वाचायची गोष्ट नाही, आणि दुखापत असेल तर ती प्रशिक्षकांना खासगीत सांगावी, कारण त्यांना सरावाचा भार त्याप्रमाणे ठरवावा लागतो.

फोटो आणि त्याहून धोकादायक कागदपत्रे

फोटोंच्या नियमांचा विचार करताना लोक सामन्याच्या छायाचित्रांपुरताच विचार करतात, पण माझ्या मते मोठी चूक वेगळीच आहे: ‘सर्वांनी जन्मदाखला आणि आधार कार्डाचे फोटो ग्रुपवर टाका’ हा निरोप. वयोगटाच्या नोंदणीसाठी कागद लागतात हे खरे, परंतु ते ग्रुपवर टाकले की प्रत्येक मुलाचे पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र तीस-चाळीस फोनमध्ये पोहोचते. ती कागदपत्रे पालकांनी केवळ व्यवस्थापकांना पाठवावीत आणि नोंदणी झाल्यावर व्यवस्थापकांनी ती फोनमधून काढून टाकावीत. आयोजकांना चालत असेल तर शेवटचे चारच अंक दिसणारे आधार पाठवावे. कोणी चुकून ग्रुपवर टाकलेच, तर ॲडमिन तो संदेश सर्वांसाठी हटवू शकतो. मात्र ज्याने चित्र आधीच जतन केले असेल, त्याच्याकडे ते राहतेच, म्हणून हटवणे हा बचाव नव्हे.

खेळाच्या छायाचित्रांबाबत संमती हंगामाच्या आरंभी लेखी घ्यावी आणि ती तीन वेगळ्या गोष्टींसाठी असावी: ग्रुपवर टाकणे, संघाच्या समाजमाध्यमांवर टाकणे आणि वर्तमानपत्राला देणे. पहिल्याला होकार म्हणजे तिन्हींना होकार असे नाही. कपडे बदलतानाचे, रडतानाचे किंवा दुखापतीचे छायाचित्र संमती असली तरी टाकू नये. दुसऱ्याच्या मुलाचे चित्र स्टेटसवर ठेवण्यापूर्वी त्या पालकांना विचारावे. पाठीवर नाव आणि छातीवर शाळेचे बोधचिन्ह दिसत असेल, तर अनोळखी माणसालाही मूल कोण आणि कुठे सापडेल हे कळते.

पालकांच्या प्रतिक्रिया

‘माझ्या मुलाला दुसऱ्या डावात का बसवले?’ हा प्रश्न रास्त आहे, जागा चुकीची आहे. त्याला प्रशिक्षकांनी ग्रुपवर उत्तर दिले की दुसऱ्या मुलाशी तुलना ओघाने येते आणि त्या मुलाचे पालकही ती वाचतात. सामन्याच्या दिवशी निवड, पंच किंवा खेळाडू यांवर ग्रुपवर काही लिहायचे नाही. ज्यांना बोलायचे आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकांना भेटावे आणि केवळ स्वतःच्या मुलाविषयी बोलावे. हा नियम प्रशिक्षकांनाही लागू असावा. ‘आज अमुक मुलाने खो चुकीचा दिला’ असे नाव घेऊन लिहिण्याचा त्यांनाही अधिकार नाही.

असा संदेश आलाच, तर ग्रुपवर वाद घालू नये. ॲडमिनने तो हटवावा, त्या पालकांना त्याच दिवशी फोन करावा आणि पुन्हा घडल्यास काही काळ केवळ ॲडमिनच संदेश पाठवू शकतील अशी व्यवस्था चालू करावी. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन नसेल तर, केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटले आहे. तरीही एखाद्या मुलाचा अपमान करणारा मजकूर ग्रुपवर तसाच ठेवला, तर ते मूल सोमवारी सरावाला येईलच याची खात्री नसते. म्हणून किमान दोन ॲडमिन असावेत, म्हणजे एक प्रवासात असला तरी दुसरा तो लगेच काढू शकेल.