पाठमोऱ्या फोटोवरून माणूस ओळखताना या चुका टाळा

आमच्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी जुने फोटो निवडायचं काम माझ्याकडे होतं. विसर्जन मिरवणुकीचा नव्वदच्या दशकातला एक फोटो हाती लागला. गर्दीत पुढे चाललेला एक पाठमोरा माणूस, पांढरा झब्बा, मध्यम उंची, डावा खांदा किंचित खाली. मी तो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि विचारलं, "हे आपले आप्पाच ना?" अर्ध्या तासात तिघांनी सांगितलं, "शंभर टक्के आप्पा! चालच सांगतेय." फोटोखाली आप्पांचं नाव छापून आलं. चार दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला. त्या वर्षी गणपतीत बाबांचा पाय प्लास्टरमध्ये होता आणि ते दहाही दिवस घरी होते.

मग मी उलट तपासणी केली. एकाच फोटोत इतक्या चुका करता येतात हे तेव्हा कळलं.

पहिली चूक: प्रश्नातच नाव सांगणं

मी "हा कोण?" असं विचारलंच नव्हतं. नाव मीच पुरवलं आणि बाकीच्यांनी ते फोटोत शोधलं. शिवाय पहिल्याचं उत्तर वाचूनच पुढच्या दोघांनी दिलं. तिघांची साक्ष वाटत होती, ती खरं तर एकाचीच होती, आणि तीही माझीच.

नेहमीच्या माणसाला आपण रस्त्यात पाठीवरून ओळखतो, कारण तिथे बरंच काही मदतीला असतं: ती गल्ली, ती वेळ, सोबतचा माणूस, आवाज, प्रत्यक्ष हालचाल. शिवाय चुकलो तर तो मागे वळतो आणि आपण "सॉरी हां" म्हणून सुटतो. फोटोतला माणूस वळत नाही. त्यामुळे चूक झाली तरी खात्री तशीच राहते.

दुसरी चूक: कपड्याला खूण मानणं

त्या वर्षी मंडळाने एकाच ताग्यातून चाळीसेक झब्बे शिवून घेतले होते. लग्नातले फेटे, आहेराच्या साड्या, वारीतलं धोतर-टोपी, शाळेचे रेनकोट यांचंही तेच. कपडा माणसाचा नसतो, त्या दिवसाचा असतो. म्हणून आधी विचारायचं: त्या ठिकाणी असाच कपडा आणखी किती जणांनी घातला असेल?

रंगावर तर फारच थोडा भरवसा ठेवावा. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली निळा शर्ट काळपट दिसतो, कारण त्या प्रकाशात निळा जवळजवळ नसतोच. रात्रीचा सीसीटीव्ही आणखी फसवतो. तो अदृश्य इन्फ्रारेड प्रकाशात चित्र घेतो आणि काळ्या कृत्रिम धाग्याचे बरेच कपडे तो प्रकाश परावर्तित करतात. म्हणून काळं जॅकेट फुटेजमध्ये करडं किंवा चक्क पांढरट दिसू शकतं. "त्याने तर काळं घातलं होतं, हा तो नाही" असं म्हणून खऱ्या माणसाला वगळणंही तितकंच सोपं आहे.

पण कपड्यावरची अगदी बारीक खूण मिळाली तर? हा प्रयोग होऊन गेला आहे. अमेरिकेत एफबीआयच्या तज्ज्ञांनी बँक दरोड्याच्या चित्रफितीतल्या जीन्सची शिवण तपासली. शिवताना कापड थोडं गोळा होतं, मग वापराने उंचवटे फिके पडतात आणि शिवणीवर बारकोडसारखे उजळ-गडद पट्टे उमटतात. हे पट्टे प्रत्येक जीन्सचे वेगळे, असा दावा होता आणि 1999 मध्ये ही पद्धत प्रसिद्धही झाली. 2020 मध्ये सोफी नाइटिंगेल आणि हॅनी फरीद या संशोधकांनी तिची परीक्षा घेतली. एकाच शिवणीचे अनेक फोटो काढले तर ते एकमेकांशी नीट जुळेनात, कारण कापड ताणलं जातं, घडी बदलते, प्रकाश वेगळ्या बाजूने येतो. उलट दोन वेगळ्या जीन्सच्या शिवणी कधीकधी चांगल्या जुळल्या. तज्ज्ञांनी भिंगाखाली पाहिलेल्या शिवणीची ही गत, तर लांबून दिसणाऱ्या झब्ब्याचं काय घ्यायचं?

तिसरी चूक: फोटोत चाल दिसते असं समजणं

"चालच सांगतेय" हे वाक्य मला अजून छळतं. चाल म्हणजे पाठोपाठ होणारी हालचाल, फोटो म्हणजे त्यातला एक क्षण. दोन्ही पायांचं एक आवर्तन साधारण एका सेकंदात होतं. त्यात डोकं चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं, खांदे आणि कंबर उलटसुलट वळतात. कुठल्याही धडधाकट माणसाला योग्य क्षणी टिपा, तो लंगडताना दिसेल.

व्हिडिओ असला तरी जपून. बरेच सीसीटीव्ही कॅमेरे सेकंदाला मोजक्याच फ्रेम्स साठवतात, मग मधली पावलं गळतात आणि चाल झटके खात दिसते. चपला, ओझं, ओली फरशी, घाई यांनीही ती बदलते. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने 2017 मध्ये न्यायाधीशांसाठी चालीच्या पुराव्यावर पुस्तिका काढली. अमुक लकब लोकांमध्ये किती आढळते याची भरवशाची माहितीच फार थोडी आहे, असं तिच्यात बजावलं आहे. खांदा पाडून चालणारे शंभरात किती, हे माहीत नसेल तर खांदा पडलाय या निरीक्षणाला वजन किती द्यायचं?

उंची आणि अंगकाठीचंही असंच. फोनच्या रुंद कोनाच्या लेन्सने फोटोच्या कडेची माणसं आडवी ताणली जातात. उंचावरच्या कॅमेऱ्यातून पाय आखूड दिसतात. शेजारच्याशी तुलना करायची तर दोघं कॅमेऱ्यापासून सारख्याच अंतरावर हवेत.

आमचा फोटो मुळात उलटा होता

ही चूक माझ्या डोक्यातही आली नव्हती. स्कॅन करताना निगेटिव्ह उलटी ठेवली गेली होती, म्हणजे सगळं चित्र आरशातल्यासारखं. पाटीवरची अक्षरं अस्पष्ट होती म्हणून लक्षात आलं नाही. पण समोरून येणाऱ्या दोन माणसांच्या शर्टाचा खिसा उजव्या छातीवर होता आणि नऊवारीतल्या बाईंचा पदर उजव्या खांद्यावर. एखादा खिसा किंवा पदर तसा असू शकतो, सगळेच कसे असतील? निगेटिव्हच्या काठावरची अक्षरं आणि आकडे सरळ वाचता येतात का, एवढं पाहिलं असतं तरी पुरे होतं. सेल्फी कॅमेऱ्याचे काही फोटोही असेच उलटे साठवले जातात.

म्हणजे ज्या डाव्या खांद्यावरून आप्पा ओळखले, तो उजवा होता! निगेटिव्हच्या पट्टीतली पुढची फ्रेम काढली, तर तोच माणूस जरा बाजूने दिसला. उजव्या हातात गुलालाची जड पिशवी, म्हणून खांदा खाली. चेहरा मात्र त्यातही अर्धाच.

आता मी आधी आजूबाजूच्या फ्रेम्स पाहतो, डिजिटल असेल तर फोटोची वेळ पाहतो आणि तो माणूस तेव्हा तिथे असू शकत होता का, हे घरच्यांना विचारतो. फोटो प्रत्येकाला स्वतंत्र पाठवतो आणि फक्त "यात कोणी ओळखीचं दिसतंय का?" एवढंच विचारतो. वरून कोणी नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: कशावरून? उत्तर "झब्बा", "चाल", "एकूण ठेवण" असं आलं तर नाव पेन्सिलीने नोंदवहीत जातं, छापायला नाही. कपडा आणि अंगकाठी एखाद्याला वगळायला थोडीफार उपयोगी पडतात, तीही प्रकाश आणि कोन तपासल्यावर. "हाच तो" म्हणायला त्या पुरत नाहीत.

स्मरणिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत तो फोटो सरळ करून छापला. खाली ओळ आहे: "विसर्जन मिरवणूक. पुढे पाठमोरा कार्यकर्ता, ओळख पटलेली नाही." आप्पांच्या मुलीने त्यांचा दुसरा फोटो दिला, प्लास्टर घातलेला पाय स्टुलावर ठेवून आरती म्हणतानाचा. तो शेजारच्या पानावर आहे.