काम रखडलंय आणि "कुठवर आलं?" असा मेसेज आलाय? उत्तर देताना या चुका टाळा

मेसेज वाचला की पोटात गोळा येतो आणि हात आपसूक टाइप करतो, "हो, चालू आहे, लवकरच देतो." माझ्या मते सगळ्यात महाग पडणारं उत्तर हेच. कारण विचारणाऱ्याचा प्रश्न "तुम्ही काम करताय का?" हा नसतोच. त्याचं पुढचं काम तुमच्यावर अडलेलं असतं आणि थांबायचं की दुसरा मार्ग काढायचा, हे त्याला ठरवायचं असतं. "लवकरच" या शब्दावरून ते ठरत नाही. उत्तर फसलं हे ओळखणं सोपं आहे: समोरून लगेच "म्हणजे साधारण कधी?" असं येतं.

दुसरी चूक टक्क्यांची. "90 टक्के झालंय" हे आपण खोटं सांगत नसतो, पण सोपं काम आधी उरकलेलं असतं आणि चिवट तेवढं मागे उरलेलं असतं. उरलेले 10 टक्के मग आधीच्या 90 इतकाच वेळ खातात. म्हणून किती झालं यापेक्षा काय उरलंय आणि ते कोणत्या वेगाने हलतंय, ते मोजा.

माझंच एक काम सांगतो. ग्राहकांच्या 1,200 नोंदी तपासून गुरुवारी संध्याकाळी द्यायच्या होत्या. बुधवारी दुपारी 4 वाजता सहकारी मैत्रिणीने विचारलं. तेव्हा 700 झाल्या होत्या आणि मी "उद्या रात्रीपर्यंत होईल" असं लिहूनही टाकलं होतं. पाठवण्याआधी आकडे पाहिले. सोमवारी 300, मंगळवारी 250 आणि बुधवारी तोवर जेमतेम 150. वेग घसरत होता, कारण अर्धवट पत्ते आणि दुबार नावं असलेल्या नोंदी मी मागे टाकत आलो होतो. उरलेल्या 500 पैकी 120 नोंदी तर अकाउंट्सकडून बिलं आल्याशिवाय हलणार नव्हत्या. राहिल्या 380. दिवसाला 150 धरल्या, तर अडीच दिवस, म्हणजे सोमवारची दुपार. लिहिलेलं खोडलं आणि हे पाठवलं:

"उद्या पूर्ण यादी होणार नाही, सॉरी. 1,200 पैकी 700 तपासून झाल्यात, त्या आत्ता पाठवू शकतो. 380 सोमवारी संध्याकाळपर्यंत देतो. 120 अकाउंट्सच्या बिलांवर अडल्यात, त्यांना आज विचारलंय. त्यांचं काय झालं ते शुक्रवारी दुपारी 12 ला कळवतो. तुला शुक्रवारी नेमकं काय लागणार आहे?"

तिचं उत्तर आलं: "शुक्रवारी फक्त पहिल्या टप्प्याची पत्रं जाणार आहेत. 700 पुरेत, आत्ताच पाठव." तो शेवटचा प्रश्न विचारला नसता तर मी दोन रात्री जागलो असतो, तीही विनाकारण. पुष्कळदा समोरच्याला अख्खं काम नको असतं, त्यातला एक तुकडा हवा असतो. पण तो कोणता, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

या मेसेजचा क्रमही बघा. "होणार नाही" हे पहिल्याच वाक्यात आहे. आपण उलटं करतो: आधी सर्व्हर बंद होता, मग दुसरं तातडीचं काम आलं, मग तब्येत, आणि तारीख कुठेतरी चौथ्या परिच्छेदात. कारण एका ओळीत सांगा, तेही पुढच्या तारखेवर परिणाम होणार असेल तरच. "अकाउंट्सवाले देतच नाहीत" असं लिहूनही काम पुढे सरकत नाही. कोणाकडे काय मागितलंय आणि कधी मागितलंय, एवढं पुरतं. मात्र ते खरोखर मागितलेलं असायला हवं. मेसेज लिहिण्याआधी पाच मिनिटं काढून तेच आधी करा.

काही जण उत्तरच देत नाहीत. काहीतरी दाखवण्याजोगं झालं की मगच लिहू, असं म्हणतात आणि दोन दिवस जातात. हिशोब करायला वेळ हवा असेल तर तसंच लिहा: "उशीर होणार आहे हे नक्की. किती, ते आज 5 पर्यंत सांगतो." हेसुद्धा पूर्ण उत्तर आहे, फक्त 5 चुकवू नका.

आणि दिलेली तारीख एकदा हुकली असेल तर? लाजेपोटी आपण आणखी जवळची तारीख देतो आणि तीही हुकते. दुसऱ्यांदा तारीख देताना ती मुद्दाम लांबची द्या आणि आधीचा अंदाज कुठे चुकला ते एका वाक्यात सांगा: "अवघड नोंदी शेवटी राहतील हे मी धरलंच नव्हतं." तारीख हुकणार हे कळलं की ती उलटून जाण्याची वाट पाहू नका. मला बुधवारी दुपारी जे दिसलं, ते नीट मोजलं असतं तर मंगळवारी संध्याकाळीच दिसलं असतं, आणि तिला विचारावंच लागलं नसतं.