च्यवनप्राश: चमचा कोणता, साखर किती? या चुका टाळा

दिवाळी आटोपली की इंदूरच्या किराणा दुकानांत च्यवनप्राशच्या बरण्या पुढच्या फळीवर येतात, आणि घरोघरी एकच सूचना ऐकू येते: 'रोज एक चमचा'. हा चमचा कोणता, हे मात्र कुणी सांगत नाही. बहुतेक घोटाळा तिथेच होतो.

चहाचा चमचा सपाट भरला तर त्यात साधारण ७ ग्रॅम च्यवनप्राश मावतो. हा पदार्थ घट्ट आणि जड असल्यामुळे तोच चमचा शीग लावून भरला की १२ ग्रॅमपर्यंत जातो. भाजी वाढायला घेतो तो जेवणाचा मोठा चमचा शीग भरून काढला, तर २५ ग्रॅम सहज. म्हणजे 'एक चमचा' खाणाऱ्या दोन माणसांत तिपटीपेक्षा जास्त फरक पडू शकतो आणि दोघांनाही आपण बेतानेच खातो असं वाटतं.

घरात वजनकाटा नसेल तर बरणीवर उघडल्याची तारीख लिहा. सुदामानगरच्या एका घरी असंच केलं. खाणारे दोघे: मधुमेहाच्या गोळ्या चालू असलेले आजोबा आणि सहा वर्षांचा नातू. एक किलोची बरणी वीस दिवसांत संपली. रोजचे ५० ग्रॅम, माणशी २५. चमचा अर्थातच जेवणाचा होता.

आता साखर. बाजारातल्या नेहमीच्या च्यवनप्राशात वजनाच्या निम्म्याहून अधिक साखर असणं ही सर्वसाधारण गोष्ट आहे. हिशेबासाठी ६० टक्के धरली तर २५ ग्रॅममध्ये १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन चमचे. आजोबा सकाळचा चहा फिका घेत होते, तोही मोठ्या निग्रहाने, आणि सोडलेली साखर बरणीतून परत पोटात जात होती.

यावर लगेच 'हल्लीच्या कंपन्यांनी साखर घुसवली' असा सूर लागतो. तो अर्धाच खरा. चरकसंहितेतल्या मूळ पाठातही पाचशे आवळ्यांना 'पल' या जुन्या वजनाने ५० पल मत्स्यण्डिका, म्हणजे त्या काळची दाणेदार साखर, सांगितली आहे. मध मात्र फक्त ६ पल, तोही अवलेह गार झाल्यावर घालायचा. तूप आणि तिळाचं तेल मिळून १२ पल. वंशलोचन, पिंपळी, वेलची, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर हे वरून घालायचं, आणि दशमुळं व इतर वनस्पतींचा काढा आधी झालेला. मात्र तो पाठ रसायन, म्हणजे शरीराला बळ देणारं औषध, म्हणून होता, पोहे-जिलबीचा नाश्ता करून दुकानावर बसणाऱ्यासाठी नव्हे.

बरणीवरचं लेबल वाचताना एक अडचण येते. च्यवनप्राश बहुधा आयुर्वेदिक औषधाच्या परवान्यावर विकला जातो, त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर असतो तसा पोषणाचा तक्ता त्यावर असेलच असं नाही. त्याऐवजी 'प्रत्येक १० ग्रॅममध्ये' अशी वनस्पतींची यादी असते. आवळा सगळ्यात वर दिसतो म्हणून समाधान मानू नका, यादीच्या शेवटी जा. तिथे शर्करा, खांड, शक्कर, मधु किंवा 'आधारद्रव्य' असे शब्द सापडतील. कधी आकडा असतो, कधी नुसतं 'आवश्यकतेनुसार'. आकडा नसेल तर वरच्या सगळ्या वनस्पतींच्या वजनांची बेरीज करून १० मधून वजा करा. काढ्यासाठी वापरलेल्या मुळांचं वजनही त्या यादीत धरलेलं असू शकतं, म्हणून उत्तर अंदाजाचंच मिळेल. पण 'किती साखर असेल बुवा?' या कोड्यापेक्षा ते बरं.

मधुमेह असणाऱ्यांची पुढची चूक 'शुगर फ्री' या दोन शब्दांवर विसंबण्याची. अशा बरण्यांत गोडी आणि घट्टपणा यावा म्हणून माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल वापरलेलं असतं. माल्टिटॉलने रक्तातली साखर नेहमीच्या साखरेपेक्षा कमी वाढते, पण वाढते. शिवाय जास्त खाल्लं तर पोट फुगतं, जुलाब होतात, आणि माणूस आदल्या रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत खाल्लेल्या पदार्थांना दोष देत बसतो. गूळ, खजूर किंवा मधावर केलेले प्रकार तर मधुमेह्यासाठी साखरेचेच धरायचे. 'वरून साखर घातलेली नाही' याचा अर्थ आत साखर नाही असा होत नाही.

तरीही खायचाच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि ते हो म्हणाले तर ग्लुकोमीटरने घरी पडताळा घ्या. दोन-तीन दिवस नेहमीचा नाश्ता करून, पहिल्या घासापासून दोन तासांनी साखर मोजा. मग तेवढेच दिवस तोच नाश्ता, तीच गोळी, तेवढंच चालणं, आणि सोबत च्यवनप्राशचा एक सपाट लहान चमचा. एकाच आकड्यावर निकाल लावू नका, मीटरमध्येच थोडा इकडेतिकडे फरक असतो. पण रोजच आकडा वर दिसला तर तो चमचा बंद करायचा किंवा त्याच्या बदल्यात जेवणातलं दुसरं काही कमी करायचं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. गोळी स्वतःहून वाढवू नका. साखर आधीच ताब्यात नसेल तर हा प्रयोगही नको. आवळ्यासाठीच खायचं असेल तर हिवाळ्यात ताजा आवळा किसून मीठ लावून खा.

त्या घरातले आजोबा सपाट लहान चमच्यावर, म्हणजे साधारण चार ग्रॅम साखरेवर आले. नातवाचा प्रश्न वेगळा होता. त्याला तोच मोठा चमचा आणि वर चॉकलेटची पूड घातलेलं गोड दूध मिळत होतं. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, आणि जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. मूल रोज १४०० उष्मांक खात असेल तर ५ टक्के म्हणजे जेमतेम साडेसतरा ग्रॅम. त्यातले १५ च्यवनप्राशनेच संपत होते. आता त्याला अर्धा लहान चमचा, साध्या दुधाबरोबर, सकाळी. रात्री दात घासून झाल्यावर देऊ नका, हा चिकट पदार्थ दातांच्या फटीत रात्रभर राहतो.

एक वर्षाखालच्या बाळाला बोटभरही चाटवू नये. त्यात मध असतो, आणि मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बोटुलिझम होऊ शकतो. आजी-पणजीचा आग्रह असला तरी इथे नमतं घेऊ नका. दोन वर्षांपर्यंतही वरची साखर नकोच, म्हणून च्यवनप्राश त्यानंतरच.

शेवटी घरी करणाऱ्यांसाठी. हिवाळ्यात सियागंजाच्या बाजारातून सुकी औषधं आणून घरी च्यवनप्राश करणारे अजून आहेत, आणि त्यांतले बरेच जण आजारी माणसासाठी म्हणून साखर निम्मी करतात. साखर इथे गोडीपुरती नसते. ती पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे बुरशीला वाढायला पाणी उरत नाही. साखर कमी केली की तो जपून ठेवण्याचा पदार्थ राहत नाही. थोडाच करा, फ्रिजमध्ये ठेवा, कोरडा चमचा वापरा. झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर बारीक बुडबुडे दिसले, आंबूस किंवा दारूसारखा वास आला, कुठे पांढरा-हिरवा ठिपका उठला, तर वरचा थर काढून खालचा खाऊ नका. सगळी बरणी टाकून द्या.