थकलेल्या बिलाची आठवण: रीचची बेरीज करू नका

"साहेब, तुमची जाहिरात १,१२,४०० लोकांपर्यंत पोहोचली. पेमेंट लवकर करा." थकलेल्या बिलासाठी असा मेसेज गेला, की पैशांआधी आकड्यावरच वाद सुरू होतो.

कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरच्या एका चपलांच्या दुकानाचं उदाहरण घेऊ. दसऱ्यासाठी तुमच्या इन्स्टाग्राम अकाउंटवर दहा दिवसांत ६ रील आणि १० स्टोरी ठरल्या. प्रत्येक रीलचा रीच १४ ते २३ हजार, सगळ्यांची बेरीज १,१२,४००. पण रीच म्हणजे वेगवेगळी खाती. राजारामपुरीतल्या एकाच माणसाने सहाही रील पाहिले, तर तो या बेरजेत सहा वेळा मोजला जातो. त्याऐवजी अकाउंटचा त्या दहा दिवसांचा एकूण रीच देणंही चूकच, कारण त्यात तुमच्या बाकीच्या पोस्टही येतात. म्हणून प्रत्येक रीलचा रीच वेगळा लिहा. एकूण आकडा हवाच असेल तर व्ह्यूजची बेरीज द्या, ती चालते. आकडा कोणत्या तारखेचा तेही लिहा. रील नंतरही पाहिले जातात, त्यामुळे रिपोर्टमधला आणि आजचा आकडा जुळत नाही आणि समोरच्याला शंका येते.

दुसरी चूक जास्त महागात पडते. दर नगावर ठरलेला असताना मागणीची सुरुवात रीचने केली, की "रीच कमी आला, थोडं कमी करा" म्हणायला वाट मिळते. आधी ठरलेला दर लिहा, तोही ज्या मेसेजवर होकार आला त्यातला. सध्याचं रेटकार्ड जोडू नका. रीच फक्त काम झाल्याचा पुरावा म्हणून शेवटी येऊ द्या.

सुधारलेला मेसेज असा:

"नमस्कार साहेब. १४ ऑक्टोबरच्या बिल क्र. ४७ ची ३० दिवसांची मुदत १३ नोव्हेंबरला संपली. आपण २५ सप्टेंबरला व्हॉट्सॲपवर मान्य केलेले दर: ६ रील, प्रत्येकी ४,५०० रुपये आणि १० स्टोरी, प्रत्येकी ६०० रुपये. एकूण ३३,००० रुपये. १८% जीएसटी ५,९४० धरून ३८,९४० रुपये बाकी आहेत. प्रत्येक रीलचा १२ ऑक्टोबरपर्यंतचा रीच आणि बिल सोबत जोडलं आहे. पेमेंट कोणत्या तारखेला होईल, तेवढं कळवा."

"लवकर करा" म्हटलं की "बघतो" एवढंच उत्तर येतं. तारीख विचारली तर पुढच्या फोनला धरायला काहीतरी हाताशी राहतं.

पाठवण्याआधी बँकेचं स्टेटमेंट बघा. अ‍ॅडव्हान्स आला असेल तर तो वजा करा. टीडीएस कापून रक्कम आली असेल, तर तेवढ्या फरकाला थकबाकी म्हणू नका. मालकी व्यवसायाला तो साधारण १% कापतात आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर मूळ ३३,००० वरच, म्हणजे ३३० रुपये. त्याचं प्रमाणपत्र मात्र मागून घ्या.